मोह, मीठ आणि प्राप्तिकर : मुंबई इलाख्याच्या तिजोरीची वाटणी

संघराज्यात दोन सरकारे एकाच माणसाकडून कर घेतात. कोणत्या सरकारने कोणता कर घ्यायचा, आणि एकाने घेतलेल्यातले दुसऱ्याला किती द्यायचे, हे दोन प्रश्न संघराज्याच्या तिजोरीत कायम असतात. भारतात आज त्यांची जी उत्तरे आहेत त्यांचा पाया राज्यघटनेच्या ऐंशी वर्षे आधी घातला गेला, आणि त्यावरून सर्वांत जास्त वाद घातला तो मुंबई इलाख्याने. हा इलाखा स्वतःला श्रीमंत समजत होता. तरीही दरवर्षी अंदाजपत्रक मांडताना त्याची ओढाताण होई. या विरोधाभासाचे मूळ कराच्या दरांत नव्हते, करांच्या वाटणीत होते.

१८३३ च्या सनदी कायद्याने हिंदुस्थानातल्या सर्व महसुलावर कलकत्त्याचा एकछत्री ताबा बसला. मुंबई सरकारला नवा खर्च करायचा तर गव्हर्नर जनरलची मंजुरी लागे. पैसा गोळा करायचा इलाख्याने आणि खर्चाची परवानगी द्यायची वरच्या सरकारने, अशी ही रीत. तिचा व्हायचा तोच परिणाम झाला. काटकसर करणाऱ्या इलाख्याचे उरलेले पैसे दुसरीकडे जात, म्हणून प्रत्येकजण मागणी फुगवून पाठवू लागला. १४ डिसेंबर १८७० च्या ठरावाने लॉर्ड मेयो यांनी यावर तोड काढली. तुरुंग, पोलीस, शिक्षण, दवाखाने, रस्ते, नोंदणी, सरकारी इमारती ही खाती इलाख्यांकडे दिली, सोबत त्या खात्यांची किरकोळ जमा आणि एक ठरावीक रक्कम दिली. कमी पडले तर इलाख्याने स्थानिक पट्टी बसवून भागवावे. जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा लोकल फंड मुंबई इलाख्यात तेव्हा आधीपासूनच घेतला जात होता, आणि गावचा रस्ता व शाळा त्यातून चालत.

मेयोंच्या योजनेत खर्च इलाख्याकडे गेला, कर मात्र वरच राहिले. १८७७ मध्ये सर जॉन स्ट्रेची यांनी काही करांची जमाही इलाख्यांकडे सोपवली, आणि १८८२ मध्ये रिपन यांच्या काळात महसुलाचे तीन गट पडले. काही बाबी साम्राज्याच्या, काही इलाख्याच्या, काही सामाईक. जकात, मीठ आणि अफू पहिल्या गटात. अबकारी, मुद्रांक, जंगल, नोंदणी या सामाईक बाबी बहुतेक निम्म्या-निम्म्या वाटल्या जात. जमीन महसुलातून इलाख्याला तूट भरून काढण्यापुरता हिस्सा मिळे. दर पाच वर्षांनी हा करार नव्याने होई आणि दर पाच वर्षांनी इलाख्याने जे वाढवलेले असे ते हिंदुस्थान सरकार आपल्याकडे ओढून घेई. ही ओढाताण १९०४ मध्ये कमी झाली आणि १९१२ मध्ये करार कायम झाले.

या पन्नास वर्षांचा नीट इतिहास पहिल्यांदा लिहिला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन यांच्या हाताखाली त्यांनी केलेला प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा अभ्यास १९२५ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाला. त्यांनी या काळाचे तीन टप्पे पाडले. पहिला नेमणुकीच्या रकमेचा, दुसरा नेमून दिलेल्या महसुलाचा आणि तिसरा वाटून घेतलेल्या महसुलाचा. पुस्तक लिहिणारा माणूस पुढे ज्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला त्या समितीच्या हातून भारताच्या करवाटणीची कलमे लिहिली गेली, त्यामुळे ते नुसते विद्यापीठीय काम राहिले नाही.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड आणि शहापूर या तालुक्यांत महसुलाचे हे तीन गट उघड्या डोळ्यांनी दिसत. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावडे आहे. आजूबाजूला भाताची खाचरे, त्यावर वरकस जमीन, आणि वरच्या अंगाला जंगल. ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी यांची वस्ती. इथल्या माणसाचा सरकारशी पैशाचा संबंध चार ठिकाणी येई. भाताच्या जमिनीचा सारा तो तलाठ्यामार्फत भरे. राबासाठी झाडाच्या फांद्या तोडायला गेला तर जंगल खाते आडवे येई, आणि १८८० च्या दशकात या प्रश्नावर ठाणे-कुलाब्यासाठी मुंबई सरकारला खास जंगल आयोग नेमावा लागला. मोहाची दारू प्याला तर अबकारी भरे. आणि मीठ विकत घेताना मिठावरचा कर भरे. सारा, जंगल आणि अबकारी यांत इलाख्याचा हात होता. मिठाचा पैसा सरळ साम्राज्याच्या तिजोरीत जाई.

अबकारीची गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे, कारण पुढची सगळी गुंतागुंत तिच्यातून निघाली. मोहाची फुले वेचून वाळवायची, आंबवायची आणि गावाच्या भट्टीवर गाळायची ही जंगलपट्टीची जुनी रीत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारने आपल्या परवान्याखाली आणला. गावोगावच्या भट्ट्या मोडून दारू थोड्या मोठ्या कारखान्यांत गाळायची, तिथेच दर गॅलनमागे कर घ्यायचा आणि मगच ती दुकानात पाठवायची, असे धोरण ठरले. उरणला असे कारखाने होते. तिथल्या मिठागरांचे मीठ आणि तिथल्या कारखान्यांची मोहाची दारू दोन्ही करपात्र, पण एकाचा कर पूर्ण वरच्या सरकारचा आणि दुसऱ्याचा वाटून घ्यायचा.

गावात चोरून गाळलेली दारू सरकारला कर देत नाही. म्हणून १८९२ मध्ये मुंबई सरकारने ठाणे-कुलाब्याच्या पट्ट्यासाठी मोहाच्या फुलांवरच बंधन घालणारा कायदा केला. फुले साठवणे आणि बाळगणे यावर निर्बंध आले. ज्या झाडाचे फूल लोक टंचाईत उकडून खात, ते फूल महसुलाच्या कारणाने संशयित ठरले. या कायद्यामागे दारूबंदीचा हेतू नव्हता. कर लावलेली दारू खपावी आणि न लावलेली खपू नये एवढाच हेतू होता, आणि अबकारी महसूल वाढला त्यात पिणाऱ्यांच्या संख्येपेक्षा या बंदोबस्ताचा वाटा मोठा असला पाहिजे.

मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आल्या आणि १९१९ च्या कायद्याने सामाईक बाबी संपल्या. प्रत्येक कर एकाच सरकारचा, असा नियम झाला. प्रांतांना मिळाले जमीन महसूल, अबकारी, मुद्रांक, जंगल, पाटबंधारे आणि नोंदणी. मध्यवर्ती सरकारने ठेवले जकात, प्राप्तिकर, मीठ, अफू, रेल्वे आणि टपाल. कागदावर ही वाटणी स्वच्छ होती. शेती, जंगल आणि दारू प्रांताची, बंदर, कारखाने आणि व्यापार केंद्राचे. मद्रास, पंजाब, संयुक्त प्रांत यांना ती मानवली, कारण त्यांचे उत्पन्न जमिनीतून येई. मुंबई आणि बंगाल या औद्योगिक प्रांतांचा मात्र चेहरा पडला.

मुंबईचे दुखणे असे. जमीन महसुलाचे दर सर्व्हे झाल्यावर तीस वर्षांसाठी बांधलेले असत. भाताचा भाव दुप्पट झाला तरी टोकावड्याच्या खाचरावरचा सारा तोच. अबकारी वाढवायची तर जास्त दारू विकावी लागे, आणि पुण्या-मुंबईचे पुढारी तर दारूबंदी मागत होते. मुद्रांक वाढायला कज्जे वाढावे लागतात. वाढणारा कर एकच होता, प्राप्तिकर, आणि तो मुंबईच्या गिरण्या, पेढ्या आणि विमा कंपन्यांतून गोळा होऊन दिल्लीला जात होता. शाळा, दवाखाने, रस्ते, पोलीस हे वाढते खर्च प्रांताच्या गळ्यात, आणि वाढते उत्पन्न केंद्राच्या ताब्यात. संघराज्याच्या तिजोरीचे हे जुने दुखणे आहे. पुढे शंभर वर्षे त्याचे नाव बदलत राहिले, दुखणे तेच राहिले.

या वाटणीत केंद्राला सुरुवातीला तूटच येणार होती. ती भरून काढण्यासाठी प्रांतांनी केंद्राला पैसे द्यायचे ठरले, आणि कोणी किती द्यायचे हे सांगायला लॉर्ड मेस्टन यांची समिती १९२० मध्ये बसली. समितीने हिशेब सोपा धरला. नव्या वाटणीमुळे ज्या प्रांताची खर्च करण्याची ताकद जेवढी वाढली त्याच्या साधारण साठ टक्के त्याने द्यावे. मुंबईची ताकद ९३ लाखांनी वाढते असे धरले गेले, म्हणून तिच्या वाट्याला ५६ लाख आले. मद्रासची ५७६ लाखांनी वाढत होती, त्याला ३४८ लाख द्यावे लागले. सर्व प्रांतांचे मिळून ९८३ लाख.

आकड्याने मुंबईचा वाटा लहान दिसतो. मुंबईची तक्रार त्या ५६ लाखांपेक्षा प्राप्तिकराबद्दल होती. तिला गप्प करण्यासाठी एक तोडगा निघाला. १९२०-२१ मध्ये प्रांतात ज्या उत्पन्नावर कर आकारला गेला त्याच्यावर जी वाढ होईल, त्या वाढलेल्या उत्पन्नाच्या दर रुपयामागे तीन पै प्रांताला मिळतील. ही सवलत कागदावरच राहिली. १९२०-२१ हे महायुद्धानंतरच्या तेजीचे वर्ष होते, गिरण्यांचे नफे शिगेला पोचले होते. त्यानंतर गिरण्या मंदीत गेल्या. तुलनेचे वर्ष सर्वांत उंच ठिकाणी धरल्यामुळे वाढ दिसेनाच, आणि मुंबईच्या हातात जवळजवळ काहीच पडले नाही. महसूल वाटणीच्या वादात टक्केवारीइतकीच तुलनेच्या वर्षाची निवड महत्त्वाची असते, हे मुंबईने तेव्हा चांगलेच अनुभवले.

केंद्राची तूटही लगेच भरली नाही. १९२३ मध्ये मिठावरचा कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये झाला. कायदेमंडळाने विरोध केला, तेव्हा व्हाइसरॉय रीडिंग यांनी आपल्या खास अधिकाराने तो मंजूर करून घेतला. पुढच्याच वर्षी तो परत सव्वा रुपयावर आणावा लागला. प्रांतांच्या वर्गण्या हळूहळू कमी होत १९२८ मध्ये कायमच्या गेल्या.

मुंबईतल्या या वादात दोन्ही बाजूंकडे बोलण्यासारखे होते. मुंबईचे म्हणणे होते की कर जिथे गोळा होतो तिथल्या प्रांताला त्यातला मोठा हिस्सा द्यावा. गिरणीला पोलीस, पाणी, रस्ते, गोदी हे सारे मुंबईच देते. इतर प्रांतांचे उत्तर असे की कंपनीची कचेरी फोर्टमध्ये असली म्हणून नफा फोर्टमध्ये होत नाही. तिचे कापड पंजाबातला शेतकरी विकत घेतो, कापूस वऱ्हाडातला असतो, माल रेल्वेने सगळीकडे जातो. कर भरण्याची जागा आणि उत्पन्न होण्याची जागा वेगळी असते. म्हणून लोकसंख्येप्रमाणे वाटा. एकाच वादात गोळा झालेल्या जागेचा हक्क आणि गरजेचा हक्क असे दोन हक्क समोरासमोर आले.

१९३५ च्या कायद्याने प्राप्तिकर केंद्राचाच ठेवला, पण त्यातला वाटा प्रांतांना द्यायचे तत्त्व मान्य केले. वाटा ठरवायला ब्रिटिश अर्थतज्ज्ञ सर ऑटो निमायर यांना बोलावण्यात आले. त्यांनी १९३६ मध्ये निम्मा प्राप्तिकर प्रांतांना द्यावा असे सांगितले आणि त्या निम्म्यातले मुंबई व बंगाल यांना प्रत्येकी २० टक्के, मद्रास आणि संयुक्त प्रांताला प्रत्येकी १५ टक्के, बिहारला १० टक्के असे वाटे पाडले. मुंबईच्या गोळा होणाऱ्या हिश्शापेक्षा हे कमीच होते. निमायर यांनी लोकसंख्या आणि गोळा होणारी रक्कम या दोन्हींचा अंदाजे मेळ घातला आणि पाच वर्षे केंद्राला प्रांतांच्या वाट्यातून काही रक्कम आपल्याकडे अडकवून ठेवायची मुभा दिली.

१९३७ मध्ये मुंबईत बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस सरकार आले. काँग्रेसचा शब्द दारूबंदीचा होता, आणि अबकारी हा प्रांताच्या महसुलाचा सुमारे चौथा हिस्सा होता. करवाटणीने जो खांब प्रांताला दिला होता तोच खांब सरकारने आपल्या हाताने काढायचा होता. अर्थमंत्री अण्णासाहेब लठ्ठे यांनी तूट भरण्यासाठी शहरातल्या स्थावर मालमत्तेवर दहा टक्क्यांचा कर आणला, आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. घरमालक हायकोर्टात गेले. त्यांचे म्हणणे असे की घराच्या वार्षिक भाड्याच्या किमतीवर बसवलेला कर म्हणजे प्राप्तिकरच होय, आणि प्राप्तिकर लावायचा अधिकार केंद्राचा आहे. हायकोर्टाने ते मानले नाही. मोजमाप भाड्याने केले म्हणून कर उत्पन्नावरचा होत नाही, तो जमीन आणि इमारतींवरचाच राहतो, असा निकाल लागला. कोणता कर कोणाचा हे कराच्या नावावरून ठरत नाही, तो कशावर बसतो यावरून ठरते. हा मुद्दा आजही करविषयक खटल्यांत येतो.

त्याआधी एक मोठा निकाल नागपूरच्या सरकारच्या बाबतीत लागला होता. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९३८ मध्ये पेट्रोल आणि वंगणतेलाच्या किरकोळ विक्रीवर पाच टक्के कर बसवला. १९३५ च्या कायद्यात विक्रीवरचा कर प्रांताच्या यादीत होता, उत्पादनावरचे शुल्क केंद्राच्या यादीत. केंद्र सरकारने म्हटले की माल कारखान्यातून निघाल्यापासून किरकोळ दुकानात विकला जाईपर्यंत कुठेही लावलेला कर हे उत्पादन शुल्कच असते, म्हणून प्रांताचा हा कर बेकायदा आहे. गव्हर्नर जनरलनी प्रश्न दिल्लीच्या फेडरल कोर्टाकडे पाठवला. मुख्य न्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, शाह सुलेमान आणि मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर अशा तिघांपुढे तो चालला. हा या कोर्टापुढचा पहिला मोठा घटनात्मक प्रश्न. डिसेंबर १९३८ मध्ये कोर्टाने प्रांताचा कर उचलून धरला. केंद्राच्या यादीचा अर्थ इतका ताणला तर प्रांताच्या यादीतल्या विक्रीकराला काहीच उरणार नाही. म्हणून दोन्ही नोंदी एकत्र वाचायच्या आणि दोघींनाही जागा राहील असा अर्थ करायचा, असे कोर्टाने सांगितले. केंद्राला निर्मितीवर कर, प्रांताला विक्रीवर कर.

हा निकाल प्रांतांना वरदान ठरला. दारूबंदीने रिकामी झालेली जागा भरायला आता विक्रीकर होता. मद्रासने १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर आणला. मुंबईने १९४६ मध्ये कायदा केला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून तो लागू झाला. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर राज्यभर दारू बंद झाली, तेव्हा मुंबई सरकारची भिस्त विक्रीकरावर पडली. टोकावड्यासारख्या गावात या बदलाचा अर्थ असा की सरकारला पूर्वी मोहाच्या दारूतून मिळणारा पैसा आता दुकानातल्या साबण, कापड, रॉकेलच्या खरेदीतून मिळू लागला. दारूबंदीनंतर भट्टी बंद झाली नाही, ती फक्त कर न देता चालू राहिली. मिठावरचा कर १९४७ मध्ये कायमचा गेला होता.

राज्यघटनेने १९१९ आणि १९३५ ची मांडणी बहुतेक तशीच उचलली. सातव्या परिशिष्टात केंद्राच्या यादीत शेतीखेरीज उत्पन्नावरचा कर, जकात, दारूखेरीज मालावरचे उत्पादन शुल्क. राज्याच्या यादीत जमीन महसूल, शेतीच्या उत्पन्नावरचा कर, दारूवरचे शुल्क, विक्रीकर, जमीन-इमारतींवरचा कर, वाहनांवरचा कर. दोघांनी मिळून कायदा करायच्या समवर्ती यादीत मोठा कर एकही नाही. करांच्या बाबतीत भांडण नको म्हणून घटनाकारांनी सीमा आखून दिल्या. मात्र वाढते उत्पन्न केंद्राकडे आणि वाढता खर्च राज्याकडे ही जुनी विषमता तशीच राहिली, म्हणून कलम २८० ने दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमण्याची सोय केली. मेस्टन आणि निमायर यांचे काम आता संस्थेने करायचे होते.

आयोग येण्याआधी तात्पुरती वाटणी चिंतामणराव देशमुख यांनी १९५० मध्ये केली. नुकताच फाळणीत बंगालचा आणि पंजाबचा मोठा भाग गेला होता. त्यांचे मोकळे झालेले वाटे इतरांत वाटायचे होते. मुंबईला २१ टक्के मिळाले, म्हणजे निमायर यांच्यापेक्षा एक टक्का जास्त. पण पहिला वित्त आयोग, के. सी. नियोगी यांच्या अध्यक्षतेखालचा, १९५२ च्या शेवटी अहवाल देऊन मोकळा झाला तेव्हा मुंबईचा हिस्सा १७.५० टक्क्यांवर आला. राज्यांना जाणारा भाग ५० वरून ५५ टक्के झाला, पण त्यातला ८० टक्के लोकसंख्येवर आणि २० टक्के गोळा होण्याच्या जागेवर वाटायचा ठरला. १९४७ मध्ये घटना समितीच्या तज्ज्ञ समितीने गोळा होण्याला याहून पुष्कळ जास्त महत्त्व द्यायचे सुचवले होते. मुंबईचा तीस वर्षांचा मुख्य युक्तिवाद इथे हरला, आणि पुढच्या आयोगांनी तो कधी दहा, कधी वीस टक्क्यांपुरता जिवंत ठेवला. स्वतः महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण ज्या आठव्या आयोगाचे अध्यक्ष होते त्यानेही १९८४ मध्ये गोळा होण्याला दहा टक्क्यांवर ठेवले आणि बाकीचे वाटप लोकसंख्या व दरडोई उत्पन्नातल्या अंतरावर केले. राष्ट्रीय पातळीवर बसून पाहिले की मुंबईचा मुद्दा तोकडा पडतो, एवढे तरी यावरून दिसते.

प्राप्तिकराचा वेगळा वाटा २००० मध्ये ऐंशीव्या घटनादुरुस्तीने संपला. त्यानंतर केंद्राचे बहुतेक सर्व कर एका पोत्यात टाकून त्याचा ठरावीक टक्का राज्यांना द्यायचा, अशी पद्धत आली. चौदाव्या आयोगाने तो ४२ टक्के केला, पंधराव्याने, जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्याने, ४१ टक्के. २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या या वाट्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के होता. ज्या राज्यातून केंद्राचा प्रत्यक्ष कर सर्वांत जास्त गोळा होतो त्याचा हा हिस्सा.

विक्रीकरात मात्र जागेचा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला, आणि तिथेही माल बनवणाऱ्या राज्याची बाजू पडती झाली. माल मुंबईत बनतो आणि बिहारात विकला जातो, तर कर कोणाचा? १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याने राज्याबाहेर जाणाऱ्या मालावरचा कमी दराचा कर जिथून माल निघाला त्या राज्याला दिला. महाराष्ट्राला ते सोयीचे होते. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि हे उलटले. आता कर जिथे माल वापरला जातो तिथला.

एका व्यवहाराने हे स्पष्ट होईल. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना लाखभर रुपयांचा, १८ टक्के कराचा माल टोकावड्याच्या दुकानदाराला विकतो. एकूण कर १८,००० रुपये. त्यातले ९,००० महाराष्ट्राचे, ९,००० केंद्राचे. केंद्राच्या नऊ हजारांतले ४१ टक्के, म्हणजे ३,६९० रुपये सर्व राज्यांच्या वाट्याचे, आणि त्यात महाराष्ट्राचे ६.३१७ टक्के धरले तर सुमारे २३३ रुपये. तोच माल सुरतेला पाठवला तर १८,००० चा एकत्रित कर केंद्र गोळा करते, ९,००० स्वतः ठेवते, ९,००० गुजरातला देते. महाराष्ट्राला या विक्रीतून फक्त तेच २३३ रुपये. जुन्या पद्धतीत या सुरतेच्या विक्रीवर महाराष्ट्राला दोन टक्क्यांनी २,००० रुपये मिळाले असते. म्हणून उत्पादक राज्यांचा होणारा तोटा भरून काढायला पहिली पाच वर्षे केंद्राने भरपाई दिली. २०१५-१६ हे मूळ वर्ष धरून दरवर्षी १४ टक्के वाढ गृहीत धरली होती, आणि ती मुदत जून २०२२ मध्ये संपली.

नव्या कराचे दर आता कोणतेच सरकार एकट्याने ठरवू शकत नाही. वस्तू व सेवा कर परिषदेत केंद्राच्या मताला एकतृतीयांश वजन, सगळ्या राज्यांना मिळून दोनतृतीयांश, आणि निर्णयाला तीनचतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्राची संमती नसेल तर काही होत नाही, आणि केंद्र एकटेही काही करू शकत नाही. १९१९ पासून ज्या सीमारेषा आखल्या जात होत्या त्या इथे मोडून दोन्ही सरकारे एकाच मालावर बरोबरीने कर लावू लागली.

दारू आणि इंधन मात्र या मांडणीबाहेर आहेत. पिण्याची दारू राज्याच्या यादीत घटनेनेच ठेवली आहे. पेट्रोल-डिझेलवर अजून १९३८ चीच विभागणी चालते, केंद्राचे उत्पादन शुल्क आणि त्यावर राज्याचा विक्रीकर. माळशेज घाट चढणाऱ्या मालमोटारीच्या एकेका लिटरवर दोन्ही बसतात. पण केंद्राचे शुल्क आता दोन भागांत असते. मूळ शुल्क राज्यांत वाटावे लागते, उपकर आणि अधिभार वाटावे लागत नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये डिझेलवर केंद्राचे शुल्क लिटरला ३१.८० रुपये होते, त्यातले मूळ शुल्क १.८० रुपये. राज्यांत वाटायला पात्र होते ते एवढेच, आणि त्याच्या ४१ टक्क्यांतला महाराष्ट्राचा वाटा पाच पैशांहून कमी.